बॉट म्हणतो "सगळे पुसले", पण जुने मेसेज सर्व्हरवर तसेच: काय तपासायचं

मी एका मोठ्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर काही वर्षं मॉडरेटर आहे. विषय दुर्बिणी आणि आकाशाचे फोटो. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी निरोप घेतं आणि जाता जाता विचारतं, "माझे जुने मेसेज काढून टाकाल का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दरवेळी माणसं त्याच दोन-तीन खड्ड्यांत पडतात. त्यातला एक खड्डा असा आहे की पडल्यावरही कळत नाही: मॉडरेटर म्हणतात काम झालं, बॉटचा अहवाल म्हणतो काम झालं, आणि मेसेज मात्र जागच्या जागी. मुख्यतः त्याबद्दल लिहितो आहे. पण तिथपर्यंत जायला आधीचं थोडं सांगावं लागेल.

आधी हे पक्कं करा: सर्व्हर सोडू नका

सर्व्हर सोडला म्हणून तुमचे मेसेज जात नाहीत. ते तुमच्या नावासकट तिथेच राहतात. उलट बाहेर पडल्यावर तुम्हाला ती चॅनेल दिसणंच बंद होतं, म्हणजे स्वतःचा मेसेज स्वतः पुसायचा मार्गही गेला. खातं डिलीट केलं तरी मजकूर राहतो, फक्त नावाच्या जागी `Deleted User` असं काहीतरी येतं. "मी अमुक गावात, तमुक कंपनीत काम करतो" असं तुम्ही तीन वर्षांपूर्वी लिहिलं असेल, तर नाव झाकून त्यातलं काय झाकलं जाणार?

दुसरी लोकप्रिय कल्पना: "मला बॅन करा आणि मेसेज डिलीटचा पर्याय निवडा." तो पर्याय आहे, पण तो जास्तीत जास्त मागच्या ७ दिवसांचे मेसेज पुसतो. स्पॅम टाकणाऱ्यांसाठी तो बनवला आहे. चार वर्षांच्या गप्पांना त्याचा उपयोग नाही, आणि बॅन झाल्यावर तुम्ही बाहेर आहातच.

तिसरी कल्पना इंटरनेटवर सहज सापडते: ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एक स्क्रिप्ट चिकटवा, ती तुमच्या खात्याने एकेक मेसेज पुसत जाईल. माणसाचं खातं असं यंत्राने चालवणं डिस्कॉर्डच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यासाठी खातं बंद होऊ शकतं. शिवाय अशा स्क्रिप्टला तुमचा टोकन लागतो, आणि टोकन हातात आला की पासवर्डशिवाय तुमचं खातं वापरता येतं. कन्सोल उघडल्यावर डिस्कॉर्ड मोठ्या अक्षरांत ताकीद देतं ती उगीच नाही. आणि मॉडरेटर म्हणून एक गोष्ट सांगतो. कोणाच्या खात्यावरून अचानक तासाला शेकडो मेसेज गायब व्हायला लागले, तर आम्हाला पहिली शंका येते ती खातं चोरीला गेल्याची. मग कोणीतरी घाईत त्या माणसाला बाहेर काढतं. निम्मे मेसेज पुसलेले, निम्मे तसेच, आणि दार बंद. असं आमच्याकडे दोनदा झालं आहे. दोन्ही वेळा माणूस खरा होता, फक्त त्याने आधी सांगितलं नव्हतं.

चालणारा मार्ग

मॉडरेटरकडे स्वतःचा बॉट असतो आणि त्याला कोणाचेही मेसेज पुसायची परवानगी देता येते. बॉटने मेसेज पुसणं नियमांत बसतं, कारण ते बॉटचं खातं आहे. अडचण इतकीच की कोणते मेसेज पुसायचे हे त्याला सांगावं लागतं. "या माणसाचे सगळे" असं सांगून चालत नाही. त्यासाठी बॉटला प्रत्येक चॅनेलचा सगळा इतिहास वाचत मागे जावं लागेल, आणि मोठ्या सर्व्हरवर तो इतिहास लाखो मेसेजचा असतो.

यादी मात्र तुमच्याकडे मिळते. `User Settings` मध्ये `Data & Privacy` खाली तुमचा सगळा डेटा मागवायची सोय आहे. मागणी केल्यापासून पॅकेज यायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून सर्व्हर सोडायचं मनात आलं की पहिलं काम हे. पॅकेजमध्ये प्रत्येक चॅनेलचा एक फोल्डर असतो, नाव `c` आणि पुढे चॅनेलचा आयडी. त्यात `channel.json` मध्ये चॅनेल कोणतं, कोणत्या सर्व्हरचं ते असतं, आणि `messages.json` मध्ये तुमच्या प्रत्येक मेसेजचा आयडी, वेळ आणि मजकूर. सर्व्हर सोडल्यावर पॅकेज मागवलं, तर चॅनेल कोणत्या सर्व्हरचं ही ओळख त्यात मिळेलच असं नाही. मग नुसत्या आकड्यांच्या ढिगातून आपलं शोधत बसायचं.

एका सर्व्हरची यादी वेगळी काढायला एवढं पुरतं:

```python
import json, pathlib
SERVER = "123456789012345678"
for ch in pathlib.Path("Messages").glob("c*/channel.json"):
    info = json.loads(ch.read_text(encoding="utf-8"))
    if info.get("guild", {}).get("id") != SERVER:
        continue
    f = ch.parent / "messages.json"
    for m in json.loads(f.read_text(encoding="utf-8")):
        print(info["id"], m["ID"], sep=",")
```

प्रत्येक ओळीत चॅनेलचा आयडी, स्वल्पविराम, मेसेजचा आयडी. मजकूर मुद्दाम घेतलेला नाही. जे पुसायचं आहे त्याचीच एक सुबक प्रत करून मॉडरेटरच्या हातात देणं म्हणजे उलटाच कारभार. ही चूक लोक हमखास करतात: अख्खं पॅकेज झिप करून पाठवतात. त्यात तुमचे खाजगी संवादसुद्धा असतात!

बॉटच्या बाजूने एक मर्यादा लक्षात ठेवा. एका दमात शंभर मेसेज पुसायची सोय फक्त १४ दिवसांच्या आतल्या मेसेजसाठी आहे. त्याहून जुने असतील तर डिस्कॉर्ड ती मागणी नाकारतं आणि `50034` हा एरर देतं. म्हणून जुने मेसेज एकेक करूनच पुसावे लागतात. दर दोन सेकंदांना एक धरला तर सात हजार मेसेजना चार तासांच्या आसपास लागतात. बॉट रात्रभर चालू ठेवला की झालं.

मग बिघडतं कुठे: एक खरा प्रसंग

मागच्या वर्षी एका जुन्या सदस्याने सर्व्हर सोडायचं ठरवलं. चार वर्षांची उपस्थिती, ४१ चॅनेल, पॅकेजमध्ये ६,८४० मेसेज. कारण विचारायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी शहाणपणाने एक गोष्ट आधी केली: ज्यात घरचा पत्ता ओळखू येईल असे फोटो, फोन नंबर, नोकरीचे तपशील होते ते २१२ मेसेज स्वतः हाताने पुसले. डेस्कटॉपवर शोधपट्टीत असं टाकायचं:

```
from: username has: image before: 2022-01-01
```

आणि सापडलेल्या मेसेजवर जाऊन Shift दाबून ठेवायची. कर्सर मेसेजवर नेला की कचरापेटीचं चिन्ह थेट दिसतं आणि "नक्की का?" असं विचारत बसत नाही. `has: file` आणि `has: link` असेही शोध घ्या. हा भाग दुसऱ्या कोणावर सोडू नये असं माझं मत आहे. मॉडरेटर कितीही चांगले असले तरी बॉट चालवायला त्यांना आठवडा लागू शकतो, आणि सगळ्यात नाजूक गोष्टींनी तोवर वाट का पाहावी?

उरलेल्यांसाठी त्यांनी यादी पाठवली: चॅनेलचं नाव, तारीख आणि मेसेजचा आयडी. आमच्यातल्या एकाने रात्री बॉट लावला. सकाळी अहवाल: ६,८४० पैकी ६,८४० पूर्ण, चूक एकही नाही. त्यांना कळवलं, आभार मानून झाले.

तासाभराने त्यांचा मेसेज: "मला सगळं दिसतंय अजून."

आमचं पहिलं उत्तर होतं: शोधाची अनुक्रमणिका मागे असते, थोडं थांबा. हे अगदी खोटं नाही. मोठ्या प्रमाणात पुसल्यावर शोधपट्टी काही काळ जुने आकडे दाखवते. दुसऱ्या दिवशीही तेच. दुसरं उत्तर: तुमच्या ॲपमध्ये जुनं साठवलेलं दिसत असेल, बंद करून उघडा. त्यांनी फोनवर पाहिलं, तेच. तिसरं उत्तर मला आता आठवलं की लाज वाटते: एकाने सुचवलं की त्यांनी पॅकेज दुसऱ्याच सर्व्हरचं काढलं असेल.

अशा वेळी तर्क लढवण्यापेक्षा एक मेसेज घ्या आणि त्याच्या मागे लागा. `Developer Mode` चालू केला की मेसेजवर राइट क्लिक करून `Copy Message ID` मिळतं. त्यांनी शोधात दिसणारा एक मेसेज उघडला. तो चॅनेलमध्ये खरोखर होता, म्हणजे शोधाचा दोष नव्हता. त्याचा आयडी आमच्याकडे आलेल्या यादीत शोधला. सापडला नाही. त्याच्यासारखा एक सापडला:

```
1043527861234567890   मेसेजचा खरा आयडी
1043527861234560000   यादीतला
```

यादीत खाली-वर पाहिलं तर एकोणीस अंकी प्रत्येक आयडीच्या शेवटी चार शून्यं आणि अठरा अंकीच्या शेवटी तीन. त्यांनी यादी पाठवण्याआधी स्प्रेडशीटमध्ये उघडून तारखेप्रमाणे लावली होती आणि सेव्ह केली होती. स्प्रेडशीट आयडीला संख्या समजते आणि संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवते. पुढच्यांच्या जागी शून्य. इशारा नाही, लाल खूण नाही.

आता दोन प्रश्न उरतात. आयडी चुकीचे होते, तर बॉटने "पूर्ण" का म्हटलं? आणि कोणाच्याच डोळ्यांना ते का खुपलं नाही?

पहिल्याचं उत्तर आमच्या स्क्रिप्टमध्ये होतं. नसलेला मेसेज पुसायला गेलं की डिस्कॉर्ड `10008` म्हणजे `Unknown Message` असं उत्तर देतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने विचार केला, मेसेज नाही म्हणजे आधीच पुसलेला असणार, मग तो "पूर्ण" मध्येच मोजा. विचार तसा समंजस आहे. एखाददुसऱ्या मेसेजला तो लागूही पडतो. पण ६,८४० च्या ६,८४० ना लागू पडला तेव्हा तो अहवाल म्हणजे कोऱ्या कागदावर मारलेला शिक्का होता.

दुसऱ्याचं उत्तर जास्त मजेशीर आहे. एकाने शंका आल्यावर यादीतले आयडी तपासले होते. डिस्कॉर्डचा आयडी नुसता अनुक्रमांक नसतो, त्याच्या वरच्या भागात वेळ दडलेली असते: १ जानेवारी २०१५ पासून किती मिलिसेकंद झाले ते. खालचे २२ बिट इतर कामांसाठी. म्हणून आयडीवरून तारीख अशी निघते:

```python
(1043527861234567890 >> 22) + 1420070400000
```

येणारा आकडा मिलिसेकंदांत आहे, आणि तो १९ नोव्हेंबर २०२२ ची तारीख देतो. शेवटच्या चार अंकांची शून्यं केलेला आयडी घातला तरीही हुबेहूब तेच उत्तर येतं! कारण २२ बिट म्हणजे चाळीस लाखांहून अधिक आकडे, आणि शेवटच्या चार अंकांची उलथापालथ त्याच्या आतच मावते. तारीख बरोबर, चॅनेल बरोबर, अंकांची संख्या बरोबर. फक्त त्या आयडीचा मेसेज जगात कुठेच नाही. आपल्या त्या सहकाऱ्याने तारखा पडताळून "यादी ठीक आहे" असा निर्वाळा दिला होता. त्याची चूक नव्हती, तपासणीच चुकीच्या जागेची होती.

तुमच्या यादीत हे झालंय का, कसं ओळखायचं

आयडींचे शेवटचे अंक पाहा. दहा-वीस ओळी पुरतात. शेवटी वेगवेगळे अंक दिसले पाहिजेत. सगळ्यांच्या शेवटी `000` किंवा `0000` असेल तर यादी स्प्रेडशीटमधून गेली आहे. बहुतेकांच्या शेवटी `00` असेल तर ती बहुधा ब्राउझरमधल्या एखाद्या जावास्क्रिप्टच्या साधनातून गेली आहे. जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या सोळा अंकांच्या आसपास अचूकता गमावते, आणि आयडी अवतरणचिन्हांशिवाय असेल तर तो संख्या म्हणूनच वाचला जातो. दोन्हींत गेलेले अंक परत आणता येत नाहीत. पॅकेजमधून यादी नव्याने काढावी लागते. त्यामुळे पॅकेजची मूळ झिप फाइल काम पुरं होईपर्यंत टाकू नका.

यादी पाहायचीच असेल तर साध्या मजकूर संपादकात पाहा. स्प्रेडशीटशिवाय चालतच नसेल तर फाइल डबल क्लिकने उघडू नका. आयात करताना आयडीचा स्तंभ "मजकूर" असा निवडा. आणि मॉडरेटरना पाठवण्याआधी यादीतल्या कुठल्याही तीन ओळींचे दुवे बनवून ब्राउझरमध्ये उघडा:

```
https://discord.com/channels/सर्व्हर-आयडी/चॅनेल-आयडी/मेसेज-आयडी
```

दुवा तुमच्या मेसेजवर जाऊन थांबला आणि तो मेसेज क्षणभर उजळला तर यादी शाबूत. नुसतंच चॅनेल उघडलं आणि तुमचा मेसेज उजळला नाही तर थांबा.

मॉडरेटर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: आधी पाच मेसेज पुसा, सदस्याला ते गेले का विचारा, मग पूर्ण यादी लावा. आणि `10008` वेगळा मोजा. त्याला यश म्हणू नका.

दुसरी फेरी, आणि उरलेले ५०१

नवीन यादीने बॉट पुन्हा चालवला. या वेळी अहवाल असा आला: ६,१२७ पुसले, २१२ ना `10008`, ४१० ना `50083`, ९१ ना `50001`. या अहवालावर माझा लगेच विश्वास बसला, कारण त्यात अपयश होतं आणि त्या अपयशाचा अर्थ लागत होता. २१२ म्हणजे त्यांनी पॅकेज आल्यानंतर हाताने पुसलेले. आकडा तंतोतंत जुळला.

`50083` म्हणजे थ्रेड आर्काइव्ह झालेला आहे. थ्रेडमध्ये ठरावीक काळ कोणी बोललं नाही की तो आपोआप बंद होतो, आणि बंद थ्रेडमधला मेसेज पुसता येत नाही. हे तुम्ही स्वतः हाताने पुसत असाल तरी आडवं येतं. थ्रेड नुसता बंद असेल तर त्यात कोणी काही लिहिलं की तो उघडतो. (पुसायला गेलेल्या माणसाने त्यासाठी आणखी एक मेसेज लिहायचा, ही गंमत आहे खरी. तो शेवटी पुसायला विसरू नका.) पण मॉडरेटरने थ्रेड कुलूपबंद केला असेल तर थ्रेड सांभाळायची परवानगी असलेलाच तो उघडू शकतो. आमच्याकडे ४१० मेसेज ३३ थ्रेडमध्ये विखुरले होते. बॉटला ती परवानगी दिली, प्रत्येक थ्रेड उघड, पुस, पुन्हा बंद कर, असं केलं. दुपारी काही सदस्यांनी विचारलं की जुने थ्रेड अचानक बाजूच्या यादीत का येताहेत. "साफसफाई" एवढंच सांगितलं.

फोरम चॅनेलमध्ये तुम्ही पोस्ट सुरू केली असेल तर एक बारीक गोष्ट राहून जाते. पहिला मेसेज पुसला तरी पोस्टचं शीर्षक राहतं, कारण शीर्षक हा मेसेज नसून थ्रेडचं नाव आहे. त्या सदस्याच्या एका पोस्टच्या शीर्षकातच त्यांच्या गावाचं नाव होतं. सुरू करणाऱ्याला स्वतःच्या पोस्टचं नाव बदलता येतं, ते सर्व्हर सोडायच्या आधी बदलून टाका. अख्खी पोस्ट काढून टाकायला सांगू नका. त्यात इतरांची उत्तरंही जातात, आणि बरेचदा त्या उत्तरांमुळेच ती पोस्ट कामाची असते. आम्ही अशी मागणी नाकारतो.

`50001` म्हणजे बॉटलाच त्या चॅनेलमध्ये प्रवेश नाही. जुन्या स्वयंसेवकांचं एक बंद चॅनेल होतं, बॉट नंतर आलेला. परवानगी दिली, ९१ गेले. अशा चॅनेलचा धोका सदस्याच्या बाजूनेही असतो. एखादं पद गेल्यावर ते चॅनेल तुम्हाला दिसेनासं होतं, तुमचा शोध तिथले मेसेज दाखवत नाही, आणि तुम्हाला वाटतं सगळं साफ झालं. शोधाचा निकाल शून्य आला याचा अर्थ "मला दिसणाऱ्या भागात शून्य" एवढाच. पॅकेजची यादी मात्र ते मेसेज लपवत नाही.

आणि लॉगचं काय?

आता तो भाग, ज्याची लोकांना खरी धास्ती असते: मॉडरेटरच्या लॉगमध्ये पुसलेलं सगळं राहतं का?

डिस्कॉर्डचा स्वतःचा ऑडिट लॉग ४५ दिवस टिकतो आणि त्यात मेसेजचा मजकूर नसतो. तुम्ही स्वतःचा मेसेज पुसला तर त्याची तिथे नोंदही होत नाही.

मजकूर असतो तो लॉग ठेवणाऱ्या वेगळ्या बॉटकडे. तो कसा चालतो हे समजलं की निम्मी भीती जाते आणि उरलेली योग्य जागी बसते. मेसेज पुसला गेला की डिस्कॉर्ड बॉटला फक्त आयडी कळवतं: मेसेजचा, चॅनेलचा, सर्व्हरचा. मजकूर सांगत नाही. म्हणजे पुसलेला मजकूर बॉटला दाखवता येतो तो त्याने आधीच स्वतःकडे ठेवला असेल तरच. साधे बॉट अलीकडचे काही मेसेज तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. पायथॉनमधल्या `discord.py` या प्रचलित लायब्ररीत हा आकडा मुळात १,००० आहे, तोही सगळ्या सर्व्हरचे मिळून. तीन वर्षांपूर्वीचा मेसेज त्यात नसतो. तो पुसला तर लॉगमध्ये फार तर "एक मेसेज पुसला गेला" एवढं येतं. पण काही बॉट प्रत्येक मेसेज आला की तो डेटाबेसमध्ये लिहून ठेवतात. तिथे तुमचा मजकूर पुसण्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कपाटात पडून असतो. तुमच्या सर्व्हरवर यातला कोणता प्रकार आहे हे बाहेरून दिसत नाही, विचारावंच लागतं.

इथे एका उपायाबद्दल सांगायला हवं, कारण तो फार पसरला आहे: आधी मेसेज बदलून त्यात "..." लिहा, मग पुसा, म्हणजे लॉगमध्ये ठिपकेच राहतील. हे उलटं काम करतं. मेसेज बॉटच्या स्मृतीत असेल तर बदल होताच तो "आधीचा मजकूर" आणि "नवा मजकूर" असे दोन्ही लॉगमध्ये छापतो. जे नुसतं पुसून एकदा नोंदलं गेलं असतं ते आता जास्त ठळक झालं. आणि मेसेज जुना असल्याने स्मृतीत नसेल तर बदलायची गरजच नव्हती. कोणत्याही बाजूने पाहा, फायदा नाही.

पुसूनही राहणाऱ्या प्रती वेगळ्या. कोणी तुमचा मेसेज फॉरवर्ड केला असेल तर ती त्या क्षणाची प्रत असते, मूळ पुसल्यावरही ती राहते. जास्त पसंतीचे मेसेज वेगळ्या चॅनेलमध्ये लावणारा बॉट असेल तर तिथली प्रत बॉटच्या नावावर आहे, तुमच्या पॅकेजमध्ये तिचा आयडी नाही. सर्व्हर दुसऱ्या एखाद्या ॲपशी जोडलेला असेल तर तिकडे गेलेलं तिकडेच. तुमच्या मेसेजला कोणी उत्तर दिलं असेल तर तिथे मात्र चिंता नाही: मूळ गेलं की उत्तराच्या वर "मूळ मेसेज पुसला आहे" इतकंच दिसतं.

त्यामुळे मॉडरेटरना लिहिताना नेमकं लिहा. त्या सदस्याने दुसऱ्यांदा लिहिलेलं पत्र मी आता इतरांना नमुना म्हणून देतो, थोडं बदलून:

"नमस्कार. मी या महिनाअखेरीस सर्व्हर सोडणार आहे. माझ्या मेसेजची यादी सोबत जोडली आहे, फक्त चॅनेल आयडी आणि मेसेज आयडी. त्यातल्या तीन ओळी मी उघडून तपासल्या आहेत. कृपया आधी पहिल्या पाच ओळींवर चालवून मला कळवाल का? आणखी तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: लॉग ठेवणारा बॉट मेसेज डेटाबेसमध्ये साठवतो का, साठवत असेल तर माझ्या नोंदी काढता येतील का, आणि निवडक मेसेजच्या चॅनेलमधल्या माझ्या प्रती कोण काढू शकेल. माझ्यावर काही तक्रारी किंवा ताकिदी नोंदलेल्या असतील तर त्या ठेवायला माझी हरकत नाही."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मॉडरेटर लॉग सोडायला का कू करतात ते बहुतेक वेळा भांडणांच्या पुराव्यासाठी. तेवढं त्यांना ठेवू दिलं की बाकीच्याला सहसा होकार मिळतो. आमच्याच गटात आधी दोघांचा विरोध होता, तो या वाक्यावर मावळला.

नकारच आला किंवा उत्तरच आलं नाही, तर क्रम बदलतो. नाजूक मेसेज हाताने पुसा, फोरमची शीर्षकं बदला, पॅकेज जपून ठेवा, आणि तीच यादी घेऊन डिस्कॉर्डच्या गोपनीयतेच्या मदत-अर्जातून थेट मागणी करा. युरोपीय संघात राहत असाल तर जीडीपीआरच्या कलम १७ चा, म्हणजे डेटा पुसून घेण्याच्या हक्काचा, उल्लेख करा. सगळे साडेसहा हजार मेसेज हाताने पुसायला बसू नका. पाच सेकंदांना एक धरला तरी नऊ तास होतात, आणि तिसऱ्या तासाला माणूस दुसऱ्याच कोणाच्या मेसेजवर राइट क्लिक करत बसतो.

त्या सदस्याचं काम शेवटी अकरा दिवसांनी संपलं. आमचा लॉग-बॉट साध्या प्रकारचा निघाला, त्याच्याकडे मागच्या काही दिवसांखेरीज काही नव्हतं. निवडक मेसेजच्या चॅनेलमध्ये १४ प्रती सापडल्या. त्यातला एक शनीच्या कड्यांचा फोटो होता, तो ठेवू का असं मी विचारलं. त्यांनी ठेवायला सांगितलं, फक्त खालची सही कापून.